टोनर परत येतोय? आधी 'कोणत्या प्रिंटरला बसतो' ही ओळ तपासा

तालुक्याच्या गावातले बरेच झेरॉक्सवाले आणि मोबाईल दुकानदार आता टोनर, कव्हर असा माल व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ऑनलाइन विकतात. माल चांगला असूनही पार्सल परत येतं, कारण एकच: "आमच्या मशीनला बसत नाही." अशा वेळी दोष बहुतेकदा मालात नसतो, मालाखाली लिहिलेल्या ओळीत असतो.

सेतू केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणाऱ्या एचपीच्या लेझर प्रिंटरचंच उदाहरण घ्या. M1005 आणि 1020 या मशीनला 12A नंबरचा टोनर लागतो. M1136 आणि P1108 ला 88A लागतो. त्यानंतर 136w नावाचं मशीन आलं, त्याला 110A लागतो. आता 1136 आणि 136 यांत फरक फक्त एका आकड्याचा. गिऱ्हाईक फोनवर "एकशेछत्तीस" म्हणतं, दुकानदार 88A पाठवतो, आणि टोनर मशीनमध्ये बसतच नाही. तिन्हींचे साचे वेगळे आहेत. जोर लावला तर खाच तुटते, पण टोनर काही बसत नाही.

समजा, टोनर ४५० रुपयांना विकला आणि त्यात ८० रुपये सुटणार होते. पार्सल जायला ६० आणि यायला ६० रुपये लागले, तर नफा गेलाच, वर १२० रुपये खिशातून गेले. त्यात गिऱ्हाइकाने बसवून बघायच्या आधी सीलची पट्टी ओढलेली असेल, तर तो टोनर नवा म्हणून पुन्हा विकता येत नाही.

बऱ्याच ठिकाणी ओळ अशी असते: "एचपी लेझर प्रिंटरसाठी टोनर, सर्व मॉडेलला चालतो." ही ओळ वाचून 136w वालाही ऑर्डर देतो आणि M1005 वालाही. त्याऐवजी असं लिहा:

```
88A टोनर (CC388A)
बसतो: HP LaserJet P1007, P1008, P1106, P1108, M1136, M126nw
बसत नाही: M1005, 1020 (यांना 12A), 136w (याला 110A)
हा एचपी कंपनीचा नाही, एचपी मशीनला चालणारा आहे.
ऑर्डरआधी जुन्या टोनरवरचा नंबर बघा.
```

यात पहिली ओळ टोनरच्या नंबराची आहे, कारण गिऱ्हाइकाकडे जुना टोनर असतो आणि त्याच्या लेबलवर तोच नंबर छापलेला असतो. दुसऱ्या ओळीत मॉडेल पूर्ण लिहायचं, पुढची-मागची अक्षरं गाळायची नाहीत. नुसतं "1136" लिहू नका, "M1136" लिहा. मॉडेलचं नाव मशीनच्या समोर असतं, आणि मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर पूर्ण मिळतं.

सगळ्यात जास्त परतावे वाचवते ती 'बसत नाही' ही ओळ. तिथे जगातली सगळी मशीन लिहायची गरज नाही. दिसायला किंवा नावाला सारखी असणारी, ज्यात लोक फसतात, तेवढीच दोन-तीन पुरे. ती कोणती, हे आलेल्या परताव्यांवरूनच कळतं. प्रत्येक परत आलेल्या पार्सलवर गिऱ्हाइकाचं खरं मॉडेल लिहून ठेवा. महिनाभरात तेच नाव दोनदा आलं, की ते 'बसत नाही'मध्ये टाका.

चौथी ओळ लिहायला काही जण कचरतात. पण कंपनीचा माल समजून घेतलेलं गिऱ्हाईक खोका बघून परत पाठवतंच. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

ही यादी दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून उतरवून घेऊ नका, त्याची चूकही सोबत येते. खोक्यावर छापलेली यादी आणि प्रिंटर कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी, दोन्ही जुळली तरच मॉडेल टाका. शंका असेल ते मॉडेल सोडून द्या. एक ऑर्डर कमी येईल, पण पार्सल परत येणार नाही. काही प्रिंटर टोनर किंवा शाईच्या डबीवरची चिप तपासतात. तिथे आकार जुळला तरी मशीन डबी नाकारू शकतं. म्हणून अशा मशीनवर स्वतः लावून बघितल्याशिवाय "चालतो" लिहू नये.

मोबाईल कव्हरलाही हाच हिशेब लागू पडतो. रेडमी नोट 10 आणि नोट 10 प्रो यांची लांबी-रुंदी वेगळी आहे, त्यामुळे "नोट 10 सिरीजसाठी" असं लिहिलं की परतावा ठरलेलाच. एका कव्हरखाली एकच पूर्ण नाव लिहा, "नोट 10, प्रोला बसत नाही" हेही जोडा, आणि गिऱ्हाइकाला फोनच्या सेटिंगमधल्या 'फोनबद्दल' या पानाचा स्क्रीनशॉट मागा. तो आल्यावरच पार्सल बांधा.