दुसऱ्या नंबरासाठी ई-सिम

ई-सिम हे फोनच्या आतच बसवलेल्या चिपवर उतरवून घेतलेले सिम असते. प्रत्येक चिपला ईआयडी नावाचा 32 आकडी क्रमांक असतो. बहुतेक फोनवर `*#06#` डायल केल्यावर तो दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे.

समजा, एका शिकवणी घेणाऱ्या बाईंचा घरचा नंबर, ज्याला बँक जोडलेली आहे, प्लास्टिकच्या सिमवर आहे. फोनमध्ये सिमची जागा एकच, म्हणून क्लासचा नंबर ई-सिमवर घ्यायचा आहे. नवा नंबर हवा असेल तर दुकानात आधार दाखवून थेट ई-सिमच मागता येते. क्लासचा नंबर जुनाच, एअरटेलचा असेल, तर त्या सिमवरून 121 वर `eSIM` आणि पुढे नोंदवलेला ईमेल पत्ता असा एसएमएस पाठवायचा. खात्री करून घेतल्यावर कंपनी ईमेलवर क्यूआर कोड पाठवते. तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडावा किंवा छापून घ्यावा आणि फोन वायफायवर ठेवून, सेटिंग्जमधील Add eSIM मधून स्कॅन करावा. हा कोड कोणालाही पाठवू नये, कारण तो आधी स्कॅन करणाऱ्याच्या फोनवर नंबर जातो. जुने सिम बंद पडून नव्यावर नेटवर्क आले की काम झाले.

आता दोन्ही लाइनना 'घर' आणि 'क्लास' अशी नावे द्यावीत, आणि इंटरनेट कोणत्या लाइनवर चालवायचे ते ठरवावे. बऱ्याच फोनवर एका लाइनवर बोलणे चालू असताना दुसरी लागत नाही. पालकांचे फोन चुकायला नको असतील तर क्लासच्या लाइनवर 'संपर्काबाहेर असताना' कॉल वळवण्याची सोय लावावी.

खरी काळजी फोन बदलताना घ्यावी लागते. प्लास्टिकचे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते; ई-सिम मात्र त्या एका चिपसाठीच दिलेले असते आणि जुना क्यूआर कोड सहसा पुन्हा चालत नाही. काही फोन व कंपन्यांमध्ये सेटिंग्जमधूनच ई-सिम हलवता येते. ती सोय नसेल तर नवा कोड मागावा लागतो, आणि ती मागणी त्याच नंबरावरून करायची असते. म्हणून जुन्या फोनवरचे ई-सिम आधी पुसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. नंबर कंपनीकडे शाबूत राहतो, पण एसएमएस पाठवायला लाइनच उरत नाही, आणि ओळखपत्र घेऊन दुकान गाठावे लागते. फोन फुटला किंवा हरवला तरी मार्ग हाच.

सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पहिले 24 तास त्या नंबरावर एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. त्या नंबरावरून फीचे व्यवहार होत असतील तर बदल फी भरण्याच्या दिवसांत करू नये. नव्या फोनवर कॉल येतात-जातात हे पाहून, मगच जुन्या फोनवरचे ई-सिम काढावे. फोन विकायचा असेल तर रीसेट करताना ई-सिमही पुसायचे का, हा प्रश्न येतो. तिथे होकार द्यावा.