चाळीस मेलचा एक निरोप

सोसायटीच्या लिफ्टदुरुस्तीवर आठवडाभर चाळीस मेल फिरले, तेव्हा खजिनदार गावी होते. परतल्यावर कोण काय म्हणालं हे त्यांना नको असतं. काय ठरलं, काय अडलं आणि आपण काय करायचं, एवढंच हवं असतं.

सारांश लिहिताना शेवटच्या मेलपासून मागे वाचत जावं. पण शेवटचा मेल म्हणजे शेवटचा निर्णय नव्हे. कुणी जुन्याच मेलला उत्तर दिलं की चर्चेला फाटा फुटतो. इथे एका फाट्यात ८५ हजारांचं जुनं दरपत्रक होतं, दुसऱ्यात ७८ हजारांचं सुधारित. म्हणून प्रत्येक आकड्याची तारीख पाहावी. अध्यक्षांचं ‘चालेल बहुतेक’ ही मंजुरी नव्हे. होकार बाकी, असंच लिहावं.

निरोप असा झाला: “१४ तारखेच्या संध्याकाळची स्थिती. समितीने ७८ हजारांचं दरपत्रक निवडलं; अध्यक्षांचा लेखी होकार बाकी. तो आला तर काम सोमवारी सुरू. जिना न चढू शकणाऱ्या दोघांची सोय ठरलेली नाही. तुम्ही निम्म्या रकमेचा चेक शुक्रवारपर्यंत तयार ठेवावा.”

हे वाचून खजिनदारांना जुने मेल उघडावे लागले नाहीत, तर सारांश जमला.