कागदावर चार, यंत्रात तेरा

पाच क्युबिट असे गुंतवायचे की मोजल्यावर पाचही शून्य तरी यावेत, नाहीतर पाचही एक. कागदावर हे सोपं आहे. पहिल्या क्युबिटवर हादामार्ड गेट लावायचं आणि त्याच्याकडून उरलेल्या चौघांवर एकेक सीनॉट. आता हेच सर्किट आयबीएमच्या ‘मनिला’ या पाच क्युबिटांच्या यंत्रावर चढवून पाहू. ते यंत्र आता निवृत्त झालं आहे, पण अडचण त्याच्यावर अगदी स्वच्छ दिसते.

पहिली अडचण अशी की मनिलाला हादामार्ड ठाऊकच नाही. त्याची मूळ गेटं मोजकीच: `rz`, `sx`, `x` आणि दोन क्युबिटांचं `cx`, म्हणजे सीनॉट. त्यामुळे कंपाइलर हादामार्डच्या जागी `rz`, `sx`, `rz` अशी तीन गेटं घालतो. हा बदल स्वस्तात पडतो, कारण `rz`साठी क्युबिटवर स्पंद सोडावाच लागत नाही. पुढच्या स्पंदांची कला तेवढी सॉफ्टवेअरमध्ये बदलली जाते. म्हणून `depth()`ने दाखवलेल्या खोलीवर मी फारसा विसंबत नाही. त्या आकड्यात `rz`ही धरलेलं असतं. दोन क्युबिटांच्या गेटांचे थर वेगळे मोजले, की खरा खर्च कळतो.

तो खर्च वाढतो दुसऱ्या अडचणीमुळे. मनिलाचे क्युबिट ० ते ४ असे एका रांगेत आहेत आणि सीनॉट फक्त शेजाऱ्यांमध्येच चालतं. क्युबिट ०ला २शी गाठ घालायची असेल, तर आधी ० आणि १ यांच्या अवस्थांची अदलाबदल करावी लागते. या स्वॅपला तीन सीनॉट लागतात. रांगेच्या टोकापर्यंत पोहोचायला असे तीन स्वॅप, म्हणजे नऊ सीनॉट. मूळचे चार धरून तेरा, आणि तेही सगळे एकामागोमाग. एका सीनॉटमध्ये एक टक्का चूक धरली, तर तेराही निर्दोष पार पडण्याची शक्यता ८८ टक्क्यांवर येते. शिवाय सर्किट जितकं लांबतं, तितका क्युबिटांना आपली अवस्था विसरायला वेळ मिळतो.

चांगला कंपाइलर इथे एक गोष्ट हेरतो. त्याच जोडीवर आधी सीनॉट आणि लगेच स्वॅप आला, तर ते सीनॉट आणि स्वॅपमधलं पहिलं सीनॉट एकमेकांना रद्द करतात. असं तीनदा घडतं आणि तेराचे सात होतात.

मात्र मोठ्या यंत्रावर सर्वांत कमी स्वॅपचा मार्ग शोधणं हेच मुळात अतिशय कठीण गणित आहे. ‘सेबर’सारख्या पद्धती अदमासाने वाट काढतात आणि त्यात यादृच्छिकता असते. म्हणून तेच सर्किट वेगवेगळ्या बीजांनी अनेकदा कंपाइल करून त्यातलं सर्वांत आखूड निवडण्याची पद्धत आहे.

याहून पुढची मजल माणसाला मारता येते, कारण आपल्याला नेमकी कोणती अवस्था हवी आहे हे त्याला माहीत असतं. हादामार्ड मधल्या क्युबिटवर, म्हणजे २वर लावा. मग २कडून १वर सीनॉट. त्यानंतर १कडून ०वर आणि २कडून ३वर, दोन्ही एकाच वेळी. शेवटी ३कडून ४वर. स्वॅप एकही नाही, सीनॉट चार आणि थर फक्त तीन.