डोळ्यांच्या मापाने चेहरा

कर्मचाऱ्यांनी मोबाइलवरून पाठवलेले फोटो तसेच ओळखपत्रावर छापले, तर एकाचं डोकं भोपळ्याएवढं, दुसऱ्याचं लिंबाएवढं दिसतं.

एकेक फोटो हाताने कापण्यापेक्षा डोळ्यांतलं अंतर धरणं सोपं. २५ बाय ३५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला २९५ बाय ४१३ पिक्सेल होतो. त्यात बुबुळांमधलं अंतर ८० पिक्सेल ठरवलं आणि मूळ फोटोत ते ३२० असलं, तर फोटो पाव पटीने लहान करायचा. मग दोन्ही डोळ्यांचा मध्य वरून १६५ पिक्सेलवर आणून कापायचं. प्रोग्रॅम डोळे शोधून प्रत्येक फोटोला हेच गणित लावतो. मान कलली असेल तर आधी फोटो फिरवून डोळ्यांची रेघ आडवी करतो.

फसगत होते ती तिरक्या चेहऱ्यात. तिथे डोळे जवळ दिसतात, प्रोग्रॅम फोटो जास्त मोठा ठेवतो आणि डोकं चौकटीबाहेर जातं. असा फोटो पुन्हा काढलेलाच बरा.