मिठाच्या सत्याग्रहाची कारणे व परिणाम : एका परीक्षा-प्रश्नाचा विचार

‘मिठाच्या सत्याग्रहाची कारणे व परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न इतिहासाच्या पेपरात वारंवार येतो आणि उत्तरे बहुधा एकाच साच्याची असतात. इंग्रजांनी मिठावर अन्यायकारक कर बसविला म्हणून लोकांनी सत्याग्रह केला, हे कारण; आणि लोकजागृती झाली, हा परिणाम. यातले काहीही खोटे नाही. पण मिठावरचा कर १९३० च्या कितीतरी आधीपासून होता. मग उठाव १९३० मध्येच का, याचे उत्तर या साच्यातून मिळत नाही.

प्रथम कराचा दर पाहू. १९३० साली मणाला सव्वा रुपया कर होता. सरकारी मण म्हणजे सुमारे ३७ किलो. म्हणजे किलोमागे जेमतेम अर्धा आणा. गरिबाला तोही जाणवत असे, कारण मीठ श्रीमंताइतकेच त्यालाही लागते. तरीही दर हेच मुख्य कारण धरले, तर १९२३ चा प्रसंग समजत नाही.

त्या वर्षी तूट भरून काढण्यासाठी सरकारने हा कर दुप्पट, म्हणजे मणाला अडीच रुपये करण्याचे ठरविले. १९१९ च्या कायद्याने केंद्रीय विधिमंडळ स्थापन झाले होते. मतदार थोडे होते आणि काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. म्हणजे सभागृहात बसलेले सभासद मुख्यतः मवाळ होते. या सभासदांनीही वाढ फेटाळली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला प्रमाणनाचा विशेष अधिकार वापरून ती तशीच लागू केली. प्रतिनिधी नसताना कर बसविणे ही अमेरिकेतील वसाहतींची तक्रार होती. येथे प्रतिनिधी होते, त्यांनी मतही दिले, आणि त्या मताला किंमत नव्हती. माझ्या मते संपूर्ण उत्तराची किल्ली येथे आहे आणि नेमका हाच भाग आपल्या पाठ्यटिपणांतून गळतो.

अमेरिकेचे उदाहरण वर्गात येथेच उपयोगी पडते. १७७३ च्या चहा कायद्यामुळे कंपनीचा चहा तेथे उलट स्वस्त होणार होता. तरीही त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात तो समुद्रात फेकला गेला. स्वस्त चहा का फेकला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. वाद रकमेचा नसून कर बसविण्याच्या हक्काचा होता, हे त्यांच्या तोंडूनच येते.

मात्र १९२३ हेच १९३० चे कारण, असे सरळ लिहिणेही बरोबर नाही. १९२४ साली दर पुन्हा सव्वा रुपयावर आला. म्हणून कारणांचे थर करावे लागतात. मीठ तयार करण्यावरील सरकारी नियंत्रण आणि कर हे खोलवरचे कारण. विधिमंडळाचे दुबळेपण १९२३ मध्ये उघड झाले आणि १९२७ साली एकही भारतीय सभासद नसलेला सायमन आयोग नेमला गेल्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. हे मधले कारण. डिसेंबर १९२९ चा लाहोरचा पूर्ण स्वराज्याचा ठराव हे तात्कालिक कारण. प्रत्येक कारणाला एक कसोटी लावता येते : हे घडले नसते, तर उठाव याच वर्षी आणि याच रूपात झाला असता काय? करविषयक कारण उठावाचे रूप सांगते, लाहोरचा ठराव वर्ष सांगतो.

परिणामांच्या भागात वेगळीच चूक होते. ६ एप्रिल १९३० चे दांडी, १२ मे रोजीचे शिरोड्याच्या मिठागरांवरील आंदोलन, २१ मे रोजीचे धारासना हे परिणाम म्हणून लिहिले जातात. तो घटनाक्रम आहे. धारासनाच्या वेळी सरोजिनी नायडूंबरोबर इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर हेही पुढे होते, ही माहिती जरूर द्यावी, पण घटनाक्रमातच.

खरा, मोजता येणारा परिणाम म्हणजे ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार. त्याने मिठाच्या भागातील गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते मीठ गोळा करण्याची, तयार करण्याची आणि गावातच विकण्याची मुभा दिली. कर मात्र रद्द झाला नाही. ‘सत्याग्रहामुळे मिठाचा कर रद्द झाला’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसले, तर तेथे गुण कापावेत.

कर गेला तो १९४७ साली. हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. सतरा वर्षांनंतरच्या या घटनेला १९३० चा परिणाम म्हणावे काय? विद्यार्थ्याने ते नुसते लिहिले, तर अर्धा गुण द्यावा. पण १९३७ व १९४६ च्या निवडणुका, हंगामी सरकार आणि त्यातून भारतीयांच्या हाती आलेले अर्थखाते, अशी मधली साखळी त्याने दाखविली, तर पूर्ण गुण देण्यास हरकत नाही.