हाडांची आठवड्याची गोळी

गटातल्या एका मावशी मोरीत घसरल्या आणि हात टेकताच मनगट मोडलं. वय 64. तपासणीत हाडं ठिसूळ झालेली निघाली. डॉक्टरांनी तीन औषधं दिली: ॲलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, कॅल्शियमची गोळी रोज, आणि 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा. मावशींनी सोय पाहिली. रविवारी रात्री जेवण झालं की तिन्ही औषधं दुधाबरोबर घ्यायची आणि आडवं व्हायचं.

तिसऱ्या आठवड्यात छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. मग भाकरीचा घास उतरताना टोचायला लागलं. "पित्त झालंय गं," असं म्हणत त्या सोडा पीत राहिल्या, आणि गोळीही घेत राहिल्या. शेवटी दुर्बिणीतून तपासलं, तेव्हा अन्ननलिकेत जखमा दिसल्या.

असं का झालं ते समजून घेऊ. आपलं हाड मातीच्या भिंतीसारखं असतं. जुना भाग खरवडणाऱ्या पेशी असतात आणि नवं लिंपणाऱ्याही असतात. पाळी गेल्यावर खरवडणं वाढतं, लिंपणं मागे पडतं आणि भिंत पोकळ होते. ॲलेन्ड्रोनेट हाडाला जाऊन चिकटतं. खरवडणारी पेशी हाडाबरोबर तेही गिळते आणि निकामी होते. कॅल्शियम हे लिंपायचं सामान आहे, आणि 'ड' जीवनसत्त्व ते आतड्यातून रक्तात आणतं. म्हणून नुसतं कॅल्शियम खाऊन खरवडणं थांबत नाही. उलट, रक्तात कॅल्शियम आधीच कमी असताना ही गोळी घेतली तर ते आणखी उतरतं. आधी ते भरून काढावं लागतं.

ही गोळी अंगात फार थोडी मुरते. रिकाम्या पोटी घेतली तरी शंभरात एक भागही मुरत नाही. दूध किंवा कॅल्शियम सोबत असेल तर औषध त्यालाच चिकटून शौचावाटे जातं. कॉफीनंही मुरणं निम्म्याहून कमी होतं. म्हणजे मावशींच्या हाडांना फारसं काही मिळालंच नसणार. आणि गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा आडवं झाल्यावर पोटातून वर आली, तर आतल्या नाजूक अस्तराला ती चावते. तिथं जखम होते. ॲलेन्ड्रोनेट बाजारात आल्यावर वर्षभरातच, म्हणजे 1996 साली, डॉक्टरांनी अशा जखमांची नोंद केली होती. गोळी कशी घ्यावी हे आजही पाकिटावर असतं, पण ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. ते कोण वाचणार?

तर आठवड्याचा एक वार ठरवा. सकाळी उठल्यावर चहाआधी, तांब्यातलं साधं पाणी मोठा पेलाभर घेऊन गोळी अख्खी गिळा. चावू नका, चघळू नका. मग निदान अर्धा तास बसा, उभ्या राहा, अंगण झाडा, पण आडवं होऊ नका. अर्ध्या तासानंतर काही तरी खा, आणि खाईपर्यंत पाठ टेकू नका. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. गोळीचा वार चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच घ्या आणि पुढं ठरलेल्या वारीच घ्या. एका दिवसात दोन कधीच नाहीत.

गिळताना दुखलं, घास अडकला, छातीच्या हाडामागं नव्यानं जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. ज्यांना अर्धा तास ताठ बसताच येत नाही, ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे किंवा मूत्रपिंड फार अधू आहे, त्यांनी ते आधीच सांगावं. त्यांच्यासाठी ही गोळी नाही.

औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी ते चालू ठेवायचं की थांबवायचं, हे डॉक्टर नव्यानं ठरवतात. दाढ काढायची असेल तर या गोळीबद्दल दातांच्या डॉक्टरांना सांगा, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मांडीत किंवा जांघेत ठणका लागला तर तोही अंगावर काढू नका. फार दिवस औषध घेतलेल्या एखादीच्या मांडीच्या हाडाला तडा जाऊ शकतो.

आणखीही उपाय आहेत. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे, पण ते मनानं मध्येच सोडलं तर मणके मोडण्याची भीती असते. मावशींच्या जखमा भरल्यावर डॉक्टरांनी मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची तपासणी करून झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून दिलं. जात तीच, पण हे वर्षातून एकदाच, आणि अन्ननलिकेशी त्याचा संबंध येत नाही. दोन दिवस ताप आला, अंग दुखलं. हे पहिल्या वेळी पुष्कळजणींना होतं, असं त्यांना आधी सांगितलेलं होतं. पॅरासिटामॉल घेऊन त्या तिसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीला आल्या, आणि भाकरी आता नीट उतरते म्हणाल्या.