मागच्या महिन्यातला फोटो आणि आजचा फोटो

माझ्या मावशीच्या बैठकीच्या खोलीत, दाराच्या चौकटीला लागून भिंतीला तडा गेला आहे. त्याच भिंतीवर तिच्या मुलाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाला एक. जूनमध्ये तिने तड्याचा फोटो मोबाइलवरच्या एआय चॅटला दाखवला. तडा बारीक आहे, बहुधा प्लास्टरचा असावा, असं उत्तर मिळालं. जुलैत पाऊस वाढला, तसा तिने नवा फोटो काढला, नवीन चॅट उघडलं आणि मागच्या महिन्यापेक्षा तडा वाढलाय का, असं विचारलं. थोडा वाढल्यासारखा दिसतो, असं उत्तर आलं. मावशीची झोप उडाली. पण हे उत्तर देताना जूनचा फोटो त्या साधनासमोर नव्हताच.

आपण चॅटमध्ये फोटो टाकतो तेव्हा त्याचे छोटे छोटे तुकडे करून आकड्यांत रूपांतर होतं आणि ते आकडे त्या संवादातल्या मजकुराच्या ओळीत जाऊन बसतात. साधन उत्तर देतं ते तेवढ्या ओळीकडे बघून. नवीन चॅट उघडलं की ओळ नव्याने सुरू होते. जुनं चॅट उघडून वर सरकवलं तर आपल्याला फोटो दिसतो, म्हणून तो त्यालाही दिसत असेल असं आपण धरून चालतो. पण तो कंपनीकडे साठवलेला असला, तरी नव्या संवादात आपोआप येत नाही.

मग ‘मेमरी’ म्हणतात ती काय? आता बऱ्याच साधनांत ती सोय आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. साधारणपणे तिच्यात राहतात ते शब्द: आधीच्या संवादांतून काढलेल्या छोट्या नोंदी, किंवा जुन्या चॅटमधून शोधून आणलेला मजकूर. मावशीच्या बाबतीत ‘घराच्या भिंतीला बारीक तडा’ एवढी नोंद असू शकते. म्हणजे जुलैचा फोटो ताडून पाहिला जातो तो त्या एका वाक्याशी. वाक्यात तड्याची लांबी नाही, त्याचं टोक कुठे होतं तेही नाही. नोंद नसली तरी ‘वाढलाय का’ या प्रश्नाला साजेसं उत्तर तयार होऊ शकतं, आणि ते ऐकायला तितकंच खात्रीचं वाटतं.

हे ओळखायची एक पद्धत आहे. जुन्या फोटोत दिसणारी, पण आपण शब्दांत कधीच न लिहिलेली एखादी गोष्ट नव्या चॅटमध्ये विचारायची. तड्याशेजारी भिंतीवर काय होतं, असं मावशीने विचारलं. उत्तरात स्विचबोर्ड आला. पेन्सिलच्या खुणांचा उल्लेखही नव्हता.

उपाय साधा आहे: दोन्ही फोटो एकाच चॅटमध्ये, एकाच वेळी टाकायचे आणि कोणता कधीचा ते लिहायचं. जुना फोटो गॅलरीतला मूळ घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला बहुतेक वेळा दाबून लहान झालेला असतो.

एवढं करूनही फसगत होऊ शकते. मावशीने जूनचा फोटो लांबून काढला होता. समजा, फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात 2 मीटर भिंत मावली आहे. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला एक पिक्सेल, आणि 1 मिलिमीटरचा तडा जेमतेम दोन पिक्सेलचा. त्यात ही साधनं मोठे फोटो वाचण्याआधी सहसा लहान करून घेतात. रुंदी 1500 पिक्सेलवर आली तर तडा एका पिक्सेलपेक्षाही बारीक होतो, म्हणजे जवळपास पुसलाच जातो. जुलैचा फोटो तिने जवळून काढला होता. त्यात फक्त 20 सेंटिमीटर भिंत आली असेल, तर तोच तडा, एवढं लहान केल्यावरही, सात-आठ पिक्सेलचा जाडजूड दिसतो. तडा तसूभर न हलता ‘वाढला’!

म्हणून दोन्ही फोटोंत एकच माप असायला हवं. तड्याशेजारी फूटपट्टी धरावी, अंतर आणि उजेड शक्यतो तोच ठेवावा. जूनमध्ये मावशीने पट्टी धरली नव्हती, पण पेन्सिलच्या खुणा दोन्ही फोटोंत होत्या आणि त्या काही हलणाऱ्या नाहीत. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आम्ही दोघींनी पाहिलं. जूनमध्ये तड्याचं वरचं टोक सहाव्या वाढदिवसाच्या खुणेशी होतं. जुलैतही तिथेच. जाडीबद्दल मात्र जूनच्या फोटोवरून काहीच म्हणता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशीने तड्याच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि फूटपट्टी धरून जवळून एक फोटो काढला. ऑगस्टमध्ये तसाच दुसरा काढून ती दोन्ही एकत्र टाकणार आहे. रेघ ओलांडून तडा पुढे गेला, तर ते भिंतीवरच दिसेल, आणि मग इमारत तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलवायचं, हे तिने ठरवून ठेवलं आहे.